तेल उडाल्यानंतरची वीस मिनिटं

साबुदाणा वडा कढईत फुटतो, हे उपवास करणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असतं. साबुदाणा जास्त भिजला किंवा नीट निथळला नाही, तर दाण्यांच्या मध्ये पाणी अडकून राहतं. वडा तेलात पडला की बाहेरचा थर कडक होतो आणि आतल्या पाण्याची वाफ व्हायला लागते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सतराशे पट जास्त जागा लागते. तेवढी जागा वड्याच्या पोटात नसते, त्यामुळे वडा फुटतो आणि भोवतीचं तेल हातावर, मनगटावर, कधी चेहऱ्यावर उडतं. न निथळलेला मासा, ओला झारा, पीठ दाबून न भरल्यामुळे आत हवा राहिलेली चकली, वरून टाकलेला बटाटावडा यांतून होणारे अपघातही साधारण याच जातीचे.

असा चटका बहुतेक वेळा लहान असतो आणि घरी बरा होण्यासारखा असतो. पण त्यातले काही चटके वरून लहान दिसतात आणि आत खोल गेलेले असतात. हा फरक पहिल्या तासात डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही, तो उलगडायला दोन-तीन दिवस जातात. म्हणून तेलाने भाजल्यावर लक्षात ठेवायचे टप्पे दोन आहेत: पहिली वीस मिनिटं आणि तिसरा दिवस.

आधी तेलाबद्दल. चहाचं आधण उकळतं तेव्हा ते १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. तळणीचं तेल मात्र १७० ते १९० अंशांवर असतं. शिवाय पाणी अंगावरून ओघळून जातं, थोडं वाफ होऊन उडतं आणि तेवढंच थंड होतं. तेल चिकट असतं, ते कातडीवर पसरून बसतं आणि वाफ होऊन उडत नाही. त्वचा ६० अंशांच्या उष्णतेला पाचेक सेकंद जरी टेकली, तरी खोल भाजू शकते. मग पावणेदोनशे अंशांचा, जागेवर चिकटून बसलेला थेंब काय करत असेल, ते वेगळं सांगायला नको. आकाराने सारखे असले तरी तेलाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा बरेचदा खोल निघतो, तो यामुळेच.

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणू. समजा, आषाढी एकादशीची दुपार आहे. घरातली सून वडे तळते आहे, सासूबाई शेजारी थापून देताहेत. तिसऱ्या घाण्याला एक वडा फुटतो. तेल सुनेच्या डाव्या हातावर उडतं. कोपराच्या खाली, हाताच्या मधल्या भागावर, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर त्याचा शिंतोडा पसरतो आणि आणखी थोडं तेल मनगटावरच्या धातूच्या बांगडीखाली शिरतं. सासूबाईंचा हात सवयीने हळदीच्या डब्याकडे जातो. सून म्हणते, “आई, हळद नको, आधी पाणी.”

सर्वांत आधी गॅस बंद करायचा. कढई उचलून बाजूला न्यायला जाऊ नये. घाबरलेल्या हातातून सांडलेली कढई आधीच्या शिंतोड्याच्या कितीतरी पट नुकसान करते. लगेच नळाखाली हात धरायचा आणि पाणी वाहत असतानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं. याला दोन कारणं आहेत. बांगडीखाली अडकलेलं गरम तेल जागेवरच भाजत राहतं. आणि तासाभरात हात सुजला की बांगडी निघत नाही, मग ती रक्तपुरवठा आवळते. तेलाने भिजलेली बाहीही उष्णता धरून ठेवते, तीही काढायची. कापड कातडीला चिकटलं असेल तर मात्र ओढायचं नाही. भोवतीचं कापावं आणि तेवढा तुकडा डॉक्टरांसाठी राहू द्यावा.

मग हात वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचा. ही वेळ घड्याळ लावून मोजावी, कारण आग थोडी शमली की बहुतेक माणसं दोन-तीन मिनिटांतच हात काढून घेतात. तेल पुसलं गेलं तरी उष्णता कातडीच्या आतल्या थरांत उतरलेली असते आणि ती आतल्या आत पेशी मारत राहते. पाणी ती उष्णता काढून घेतं, वेदना कमी करतं आणि सूजही कमी राहते. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत असं गार करण्याचा उपयोग होतो. त्यामुळे गोंधळात पहिली दहा मिनिटं वाया गेली, तरी “आता काय उपयोग” म्हणून सोडून देऊ नये.

पाणी किती गार हवं? नळाचं साधं गार पाणी पुरतं. पंधरा अंशांच्या आसपासचं असेल तर उत्तम. पण मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं, हे आपल्याकडे विसरून चालत नाही. अशा वेळी माठातलं पाणी तांब्याने धार धरून ओतावं. पाण्याची टंचाई असेल तर स्वच्छ पाण्यात भिजवलेलं मऊ सुती कापड ठेवावं आणि ते तापलं की लगेच बदलत राहावं. त्याचा परिणाम वाहत्या पाण्याइतका होत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा तो कितीतरी चांगला.

बर्फ मात्र लावू नये. त्याचं कारण समजून घ्यायला १९५३ सालच्या एका निरीक्षणाकडे जावं लागतं. डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यतज्ज्ञाने भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले. मधल्या भागातल्या पेशी मरून गेलेल्या असतात. सगळ्यांत बाहेरचा भाग फक्त लालसर झालेला असतो, तो आपोआप बरा होतो. या दोघांमध्ये एक पट्टा असतो, तिथल्या पेशी जिवंत असतात पण त्यांचा रक्तप्रवाह मंदावलेला असतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत हा मधला पट्टा वाचतो किंवा मरतो, आणि जखम उथळ राहणार की खोल होणार हे त्यावर ठरतं. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे जिथे रक्त पोहोचायला हवं तिथेच ते कमी होतं. बधिर झालेल्या कातडीला थंडीने वेगळी इजा होते, ती आणखी वर. उन्हाळ्यातल्या टाकीच्या पाण्यात चार खडे टाकून ते गार करणं वेगळं आणि जखमेवर बर्फ टेकवणं वेगळं.

आता हळदीचा डबा. घरोघरी हळद, तूप, टूथपेस्ट, कणीक, शाई, बटाट्याचा कीस असं बरंच काही लावलं जातं, आणि ते लावणाऱ्याचा हेतू मायेचाच असतो. तुपाचा थर आतली उष्णता बाहेर पडू देत नाही. टूथपेस्टमधला पुदिना गारवा दिल्याचा भास देतो, पण तिच्यातले इतर घटक उघड्या कातडीला झोंबतात. हळदीत औषधी गुण आहेत हे खरं. पण मसाल्याच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि तिचा मोठा तोटा असा की ती जखम पिवळी रंगवून टाकते. भाजणं किती खोल आहे हे डॉक्टर प्रामुख्याने रंगावरून ओळखतात. तो रंग दिसण्यासाठी त्यांना हळद खरवडून काढावी लागते, आणि ते दुखणं भाजण्याइतकंच असह्य असतं. औषधाच्या दुकानात सहज मिळणारं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलमही याच कारणासाठी डॉक्टरांनी पाहण्याआधी लावू नये. उथळ जखम त्याने लवकर भरते असंही नाही, उलट भरायला जास्त दिवस लागू शकतात.

बटाट्याची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती मुंबईची आहे. परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८० च्या दशकात बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग वापरून पाहिलं. महागडी ड्रेसिंगं गरीब रुग्णांना परवडत नव्हती, आणि गॉज जखमेला चिकटून प्रत्येक वेळी काढताना मुलांचे हाल होत होते. उकडलेल्या बटाट्याच्या साली कापडावर चिकटवून, निर्जंतुक करून त्या जखमेवर ठेवल्या की जखम ओलसर राहायची आणि ड्रेसिंग सहज सुटून यायचं. पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांचं ड्रेसिंग अभ्यासलं, त्यामागचा विचारही तोच होता. पण दोन्हीकडे जखम आधी स्वच्छ केलेली होती, साली-पानं निर्जंतुक होती आणि त्यांचं काम फक्त झाकण्याचं होतं. ताज्या चटक्यावर कच्चा बटाटा किसून थापण्याशी त्याचा संबंध नाही. जळण्यावर पाणी ओता, हे लोकांच्या मनावर ठसवण्यासाठी स्वतः केसवानी यांनीच खूप खटपट केली होती.

वीस मिनिटं झाली. सुनेच्या हातावरची लालसर जागा आता थोडी फुगली आहे आणि तिच्यात पाणी भरू लागलं आहे. मनगटावर, बांगडीच्या जागी, बोटभर लांबीचा पट्टा उमटला आहे. तो विशेष दुखत नाही, त्यामुळे तिला त्याची चिंताही वाटत नाही.

आता सौम्य साबण आणि पाण्याने जागा न घासता धुवायची, म्हणजे उरलेला तेलकट थर निघतो. स्वच्छ कापडाने टिपून घ्यायची. फोड फोडायचा नाही. त्याची साल हे जखमेवरचं नैसर्गिक आवरण असतं आणि ते असेपर्यंत जंतूंना आत शिरणं अवघड जातं. आपोआप फुटला तर धुवून तसंच झाकावं. थोडं पेट्रोलियम जेली लावून वर न चिकटणारं ड्रेसिंग ठेवायचं. औषधाच्या दुकानात पॅराफिन लावलेली जाळीदार गॉज मिळते, ती चांगली. कापूस ठेवू नये, त्याचे तंतू जखमेत अडकतात. चिकटपट्टीचा चिकट भाग फोडावर येता कामा नये. दवाखान्यात जायचंच असेल, तर स्वयंपाकघरातली अन्न झाकायची पारदर्शक प्लास्टिक फिल्म, पहिला वेढा टाकून देऊन, जखमेवर सैलसर ठेवणं हा उत्तम तात्पुरता उपाय आहे. ती चिकटत नाही आणि तिच्याआडून जखम दिसतेही. ती हाताभोवती घट्ट गुंडाळू नये, कारण हात अजून सुजायचा असतो.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक गोळी सहा-सहा तासांनी घ्यावी. यकृताचा आजार असेल तर आधी विचारून. हात उशीवर उंच ठेवला तर ठणका आणि सूज दोन्ही कमी होतात. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपेक्षा जुनं असेल किंवा आठवतच नसेल, तर ते घ्यावं लागेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

जखमेची खोली घरच्या माणसालाही बऱ्यापैकी ओळखता येते. नुसती लालसर, कोरडी, दुखणारी आणि फोड नसलेली जागा हा सगळ्यांत वरवरचा चटका. तो आठवड्याभरात बरा होतो. फोड आलेली, खाली गुलाबी आणि ओलसर असलेली, हवा लागली तरी झोंबणारी जखम त्याहून खोल असते, पण सहसा दोन आठवड्यांत भरते. पांढरट, ठिपकेदार, चामड्यासारखी किंवा काळपट झालेली आणि न दुखणारी जागा खूप खोल गेलेली असते. वेदना नसणं ही इथे दिलासा देणारी गोष्ट नाही, कारण तिथल्या वेदना जाणवणाऱ्या नसाच जळलेल्या असतात. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. अशा वेळी स्वच्छ हाताने हलकंच दाबून पाहावं. दाबल्यावर जागा फिकी पडली आणि बोट काढताच एक-दोन सेकंदांत रंग परत आला, तर तिथे रक्त फिरतं आहे. रंग परत यायला वेळ लागला किंवा काहीच बदल झाला नाही, तर जखम खोल आहे.

या कसोटीवर सुनेची मोठी, फोडाची, जोरात दुखणारी जखम तुलनेने निर्धोक निघते. मनगटावरचा लहान, न दुखणारा पट्टा मात्र काळजीचा आहे. बांगडीखालचं तेल पाण्याखाली जाईपर्यंत तिथे जास्त वेळ राहिलं होतं. सांधा असलेल्या जागेवरची खोल जखम भरताना कातडी आवळली तर हालचाल अडखळते, हेही मनगटाच्या बाबतीत लक्षात घ्यावं लागतं. खरं म्हणजे या पट्ट्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं. पण समजा, एकादशीच्या गडबडीत ते राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना दोन्ही जागांत फरक दिसतो. फोडाखालची कातडी गुलाबी आहे, भोवतीची लाली ओसरते आहे. मनगटावरचा पट्टा पांढरट-पिवळा पडलेला आहे, त्यावर टाचणी टेकवली तरी कळत नाही. जॅक्सनने सांगितलेला मधला पट्टा इथे वाचलेला नाही. सून त्याच सकाळी डॉक्टरांकडे जाते. ते जखम स्वच्छ करून ड्रेसिंग करतात, मनगटाची हालचाल चालू ठेवायला सांगतात आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावतात. तीन आठवड्यांत जखम भरत नसेल असं दिसलं, तर प्लास्टिक सर्जनचं मत घ्यावं लागतं. कारण त्याहून जास्त काळ उघडी राहिलेली जखम जाड, उंच व्रण ठेवून जाते आणि कधी कधी त्वचारोपण करणं हाच चांगला मार्ग ठरतो.

काही वेळा तिसऱ्या दिवसाची वाट पाहायचीच नसते, पाण्याखाली धरून झालं की निघायचं असतं. भाजलेली जागा भाजलेल्या व्यक्तीच्या बोटांसकट तळहातापेक्षा मोठी असेल, तर ती घरची गोष्ट नव्हे. तेवढा हात म्हणजे शरीराच्या कातडीचा सुमारे एक टक्का, आणि मूल असेल तर मुलाचाच हात मोजायचा, आपला नाही. चेहरा, मान, गुप्तांग, हात, पाऊल किंवा सांध्यावर फोड आले असतील, भाजलेला भाग बोटाला किंवा हाताला चहूबाजूंनी वेढत असेल, किंवा जागा पांढरी वा काळी पडली असेल, तर आकार कितीही लहान असो, डॉक्टरांकडे जायचं. तेल डोळ्यात उडालं तर पापण्या उघड्या धरून पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धुवावं आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. भाजणं मोठं असेल तर महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत पाणी चालू ठेवावं. फक्त लहान मुलाचं बाकी अंग कोरड्या पांघरुणात उबदार राहील याकडे लक्ष द्यावं.

मधुमेह असलेल्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पायाच्या नसा बोथट झालेल्या असतील तर पावलावर सांडलेलं तेल त्यांना पुरतं जाणवतही नाही, आणि त्यांची जखम सावकाश भरते. अशांनी पावलावरचा लहानसा चटकाही त्याच दिवशी दाखवावा. गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसं, पाच वर्षांखालची मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांच्या बाबतीतही थांबून पाहण्याची जोखीम घेऊ नये.

सुरुवातीला नीट दिसणारी जखम नंतर बिघडू शकते. दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं, लाली भोवताली पसरत जाणं, पू किंवा दुर्गंधी येणं, हातावर वरच्या दिशेने लाल रेघ उठणं, ताप येणं ही जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत. लहान मुलाला भाजल्यानंतरच्या काही दिवसांत ताप, अंगावर पुरळ, उलटी-जुलाब किंवा गळून गेल्यासारखं झालं, तर जखम वरून कितीही चांगली दिसत असली तरी लगेच रुग्णालयात न्यावं. जंतूंच्या विषामुळे होणारा हा आजार क्वचितच होतो, पण तो तासांच्या हिशोबाने वाढतो. त्यात चटक्याच्या आकाराला काही अर्थ नसतो.

सुनेच्या हातावरची फोडाची जागा दहा-बारा दिवसांत भरते. नवी कातडी कोरडी पडते आणि खूप खाजते. साधी पेट्रोलियम जेली दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने चोळली तर खाज आटोक्यात राहते. आपल्याकडच्या कातडीवर असा डाग काही महिने आजूबाजूपेक्षा काळा किंवा फिका दिसतो. उन्हाने तो जास्त गडद होतो, म्हणून वर्षभर बाहेर जाताना पूर्ण बाह्या किंवा सनस्क्रीन वापरावं. मनगटावरचा पट्टा भरल्यावर तिथे व्रण जाड व्हायला लागला, तर सिलिकॉनच्या पट्ट्या आणि दाब देणारं पट्ट्याचं बांधणं लवकर सुरू केल्यास फायदा होतो. त्यासाठी डॉक्टरांच्या ठरलेल्या भेटी चुकवू नयेत.